नऊपैकी पाच उत्तरं आली, आणि पाया अडलाय तो त्या पाचांतल्याच दोनांवर

प्रश्न: सर, नागपुरात स्ट्रक्चरल डिझाइनचं काम नवीनच सुरू केलंय. ३० बाय ५० फुटांचा प्लॉट, तळमजला अधिक एक. मालकांना व्हॉट्सॲपवर ९ प्रश्न पाठवले होते: पुढे मजला चढवणार का, माती तपासली का, वीट कोणती, वरची टाकी किती लिटरची, जमिनीतली टाकी कुठे, पुढे लिफ्ट लागेल का, टॉयलेट सन्कन का, सोलर बसवणार का, रेलिंग कशाची. त्यांचं उत्तर आलं: "वीट फ्लायॲशची. टाकी १००० लिटर. टॉयलेट सन्कन. माती चांगली आहे, बाजूच्या घरी ५ फुटांवर मुरूम लागला. सध्या जी प्लस वनच. बाकी तुम्ही बघून घ्या, सोमवारी खड्डे सुरू करतोय." चार प्रश्न राहिलेच. परत विचारलं तर काकाजी चिडतील, आणि मनानं धरून चाललो तर उद्या माझ्यावर येईल. थांबू का ड्रॉइंग देऊ?

उत्तर:

भाऊ, राहिलेले चार प्रश्न सध्या बाजूला ठेवा, त्यातला एकही तुमचं फुटिंगचं ड्रॉइंग अडवत नाही. अडवतात ते दोन, आणि ते दोन्ही तुम्ही "उत्तर आलं" म्हणून टिक करून टाकलेत. एक मातीचा, दुसरा "सध्या जी प्लस वनच" वाला. मी पंचवीसेक वर्षं हेच काम करतोय आणि जिथे जिथे माझं चुकलं तिथे बहुतेकदा उत्तर आलंच नव्हतं असं नव्हतं, उत्तरासारखं काहीतरी आलं होतं आणि मी पुढे गेलो होतो.

आधी एक गोष्ट ठरवा, काम कोणतं अडतंय ते. "घर" अडत नाही, घराचं एकेक ड्रॉइंग अडतं. तुमच्याकडे आत्ता अडलेला कागद एकच आहे, खोदाई आणि फुटिंगचा. म्हणून प्रत्येक प्रश्नाला हे लावून बघा: याचं उत्तर काहीही आलं, हो आलं, नाही आलं, उलटं आलं, तर या एका कागदावरचा एखादा आकडा बदलतो का? बदलत नसेल तर तो प्रश्न उघडा राहिला तरी आज चालतो. बदलत असेल तर पुढचं विचारायचं, बदलला तर काँक्रीट पडल्यावर निस्तरता येतं का.

या चाळणीत सोलर आणि रेलिंग लगेच गळतात. सोलरचं पॅनेल स्ट्रक्चरसकट चौरस मीटरला साधारण १५-२० किलो भरतं, गच्चीवर आपण लाइव्ह लोडच १५० किलो धरतो. वाऱ्यानं उचलू नये म्हणून पेडेस्टल कुठे द्यायचे ते गच्चीच्या स्लॅबच्या वेळी बघू. रेलिंग तर या यादीत यायलाच नको होती, आणि हे जरा मनावर घ्या, कारण अर्धवट उत्तरं येण्यात आपल्या यादीचाही हात असतो. माणूस नऊ प्रश्न बघतो, उभ्या उभ्या सांगता येतील ते सांगतो, आणि ज्यांना घरात बसून ठरवावं लागतं ते सोडून देतो. रेलिंग आणि माती एका ओळीत एकाच अक्षरात लिहिली की त्याला दोन्ही सारखीच वाटणार ना.

लिफ्टसाठी आर्किटेक्टच्या प्लॅनवर बघा. जिन्यापाशी डक्ट ठेवलेलाच नसेल तर लिफ्ट प्लॅन बदलल्याशिवाय येऊच शकत नाही, म्हणजे तो प्रश्न तुमचा नाही, आर्किटेक्टचा आहे. डक्ट दाखवला असेल तर त्या जागेखाली फुटिंग घुसू देऊ नका, लिफ्टच्या खड्ड्याला दीडेक मीटर खोली लागते. दोन्हीकडून उत्तर कागदावरच मिळतं, काकाजींना फोन करायची गरज नाही.

जमिनीतल्या टाकीचं मात्र जरा नीट सांगतो, कारण यात मी स्वतः पोळलोय. एका घराचे सगळे मुद्दे क्लियर होते, फक्त संप, म्हणजे ही जमिनीतली टाकी, कुठे करणार एवढंच मालकानं सांगितलं नव्हतं, मी म्हटलं त्यानं काय होतंय, फुटिंगची साइज थोडीच बदलते. बदलत नव्हतीच. फुटिंग झाले, कॉलम वर आले, मग मालकानं ठेकेदाराला सांगून कोपऱ्यातल्या कॉलमला अगदी लागून संपचा खड्डा काढला, फुटिंगचा तळ दीड मीटरवर आणि हा खड्डा अडीच मीटर. दोन दिवस पाऊस झाला आणि खड्ड्याची ती बाजू ढासळली, फुटिंगच्या कडेखालचा मुरूम निघून खाली आला. आम्ही रातोरात तिथे लीन काँक्रीट भरलं, संप दुसरीकडे नेला, घर उभं आहे, पण त्या रात्री मी टॉर्च घेऊन तिथे उभा होतो ते अजून आठवतं.

मग कळलं की उत्तर मिळालं नाही तरी प्रश्न बंद करता येतो. प्रश्नाची अट करायची. आयएस १९०४ मध्ये सांगितलंय की मुरूम-मातीसारख्या जमिनीत वरच्या फुटिंगच्या तळाच्या कडेपासून खालच्या तळाच्या कडेपर्यंत ओढलेली रेष १ उभी, २ आडवी यापेक्षा खडी नको. ते शेजारशेजारच्या फुटिंगसाठी आहे, पण संपच्या खड्ड्यालाही मी तोच हिशेब लावतो. म्हणजे संपचा तळ फुटिंगच्या तळापेक्षा १ मीटर खोल असेल तर फुटिंगपासून २ मीटर लांब. हे अंतर ड्रॉइंगवर तुटक रेषेनं दाखवा आणि लिहा, "या रेषेच्या आत कोणतीही खोदाई नाही, संपची जागा ठरल्यावर कळवणे." ३० फुटांच्या प्लॉटवर ती रेष काढली की पुष्कळदा दिसतं, संपला जागा एकच उरते, समोरच्या मार्जिनमध्ये. झालं उत्तर. आणि तिथेही बसत नसेल तर संप उथळ करा, लांबीला वाढवा.

चार राहिलेले प्रश्न असे उरकले. आता आलेल्या पाचांकडे.

वीट फ्लायॲशची, हे खरं उत्तर आहे. कोराडी-खापरखेड्याची राख हाताशी असल्यानं आपल्याकडे सगळे तीच वापरतात, आणि वजनात लाल विटेपेक्षा असा काही फरक पडत नाही की फुटिंग बदलावं. उत्तर आलं नसतं तरी जड वीट धरून चालता आलं असतं, उद्या त्यांनी एएसी ब्लॉक लावले तर भिंतीचं वजन निम्म्याहून कमी होईल, पाया सुरक्षितच राहील.

टाकीचं उत्तर अर्धं आहे. लिटर सांगितले, जागा नाही सांगितली, म्हणून ते खटकतं. पण हिशेब करा, १००० लिटर म्हणजे १ टन पाणी, चार कॉलमवर वाटलं तर प्रत्येकी पाव टन. खाली तुमच्या मधल्या कॉलमवर तीस-चाळीस टन येणार आहेत, त्यात पाव टन कुठे बसला ते शोधावंसुद्धा लागत नाही. गच्चीच्या स्लॅबला जागा लागेल, तेव्हा विचारू. सन्कन टॉयलेटच्या भरावाचंही तसंच, फार तर दीड-दोन टन एका बाजूला, ते मोजून टाका. अर्धं उत्तर दिसलं की हात थांबतो आपला, पण त्या दुसऱ्या अर्ध्यावर काही टांगलेलं आहे का ते आधी बघावं.

आता "सध्या जी प्लस वनच". यातला "सध्या" वाचा. तुम्ही विचारलं होतं पुढे मजला चढवणार का, त्यांनी सांगितलं आज किती बांधतोय. हे उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं आहे. आणि यानं तुमच्या कागदावरचा आकडा किती हलतो ते एका कॉलमवर करून दाखवतो, मधला कॉलम घेऊ, दोन्हीकडे साडेतीन मीटरचे गाळे, म्हणजे त्याच्या वाट्याला सव्वाबारा चौरस मीटर.

एका मजल्याचं ढोबळ वजन असं धरा: स्लॅब, फिनिश, लाइव्ह लोड मिळून चौरस मीटरला सहाशे-साडेसहाशे किलो, त्याचे साधारण ८ टन, आणि बीम, कॉलम, भिंती मिळून आणखी ८ टन. मजल्याला १६ टन. गच्चीवर भिंती नाहीत, म्हणून तिथे साडेनऊच. प्लिंथ बीमवरच्या तळमजल्याच्या भिंतींचे साडेआठ. तळमजला अधिक एक म्हणजे साडेआठ, सोळा आणि साडेनऊ, ३४ टन. फुटिंगच्या स्वतःच्या वजनाला दहा टक्के वाढवले की ३७ च्या वर. उद्या एक मजला चढला तर ३४ चे ५० होतात, दहा टक्के धरून ५५.

जमिनीची एसबीसी, म्हणजे ती सुरक्षितपणे पेलते तो भार, चौरस मीटरला १५ टन धरली तर आजच्या घराला अडीच चौरस मीटर तळ पुरतो, म्हणजे १.६ मीटर बाय १.६ मीटरचं फुटिंग. एका वाढीव मजल्याला १.९५ बाय १.९५. आणि एसबीसी १० टनच निघाली तर? आजच्या घरालाच १.९५ लागतं आणि वाढीव मजल्याला २.३५. म्हणजे त्या दोन "आलेल्या" उत्तरांमध्ये तुमचं फुटिंग १.६ पासून २.३५ पर्यंत कुठेही असू शकतं, क्षेत्रफळ दुपटीच्या वर. राहिलेल्या चारांनी यात एक इंचही फरक पडत नव्हता.

हे दोन्ही अडवतात, पण सारखे अडवत नाहीत.

मजल्याच्या प्रश्नाला सुरक्षित बाजू आहे. पुढचा एक मजला धरून डिझाइन केलं आणि तो कधीच चढला नाही, तरी घराला धोका नाही, फक्त थोडं काँक्रीट आणि लोखंड जास्त गेलं. किती जास्त? एसबीसी १५ धरून मधल्या फुटिंगला ०.४ मीटर जाडीनं साधारण १ घनमीटर लागत होतं, आता ०.४५ जाडीनं १.७ लागेल. कडेच्या फुटिंगला फरक कमी पडतो. सगळे बारा कॉलम मिळून सहा-सात घनमीटर, शिवाय कॉलमचं वाढीव लोखंड. उलट न धरता बांधलं आणि पाच वर्षांनी मजला चढवायचा म्हटलं तर फुटिंग वाढवायला घराच्या आत खोदावं लागतं, कॉलमला जॅकेटिंग करावं लागतं, फरश्या फोडाव्या लागतात, आणि तेव्हा बरेच जण तेही करत नाहीत, डोळे मिटून मजला चढवतात. याची भीती मला जास्त वाटते.

म्हणून इथे थांबायचं नाही, पण गुपचूप धरायचंही नाही, कारण धरणारे तुम्ही आणि पैसे काकाजींचे. "तुम्ही बघून घ्या" याचा अर्थ लोखंडाचा व्यास तुम्ही ठरवा असा आहे, घरात किती मजले असावेत ते तुम्ही ठरवा असा नाही. नऊ प्रश्न परत पाठवू नका, एकच पाठवा, त्यात तारीख घाला, आणि उत्तर नाही आलं तर तुम्ही काय करणार ते घाला:

"काकाजी, पायाचं डिझाइन शनिवारी सुरू करतो, ड्रॉइंग माती बघून देतो. पुढे कधी वर एक मजला चढू शकतो असं धरून पाया करतोय, त्यानं काँक्रीट सहा-सात घनमीटर आणि थोडं लोखंड वाढेल. नकोच असेल तर शुक्रवार संध्याकाळपर्यंत सांगा, कमी करून देतो. पाया झाल्यावर सहज वाढवता येणार नाही."

गप्प राहिले तरी चालतं, कारण गप्प राहण्याचा अर्थ आपण सुरक्षित बाजूला लावलाय. उलटं कधी करू नका, "उत्तर नाही आलं तर वाढीव मजला नाही असं समजतो" हे लिहून तुमचा कागद वाचेल, पण घर नाही वाचणार.

आणखी एक. मजल्याच्या प्रश्नाला लोक टाळतात ते आळसानं नाही. वरचा मजला म्हणजे धाकट्या मुलाचा वाटा असतो, किंवा पुण्याला असलेला मुलगा परत येणार का हे घरात ठरलेलं नसतं, आणि ते काकाजी व्हॉट्सॲपवर कसं टाइप करणार, त्या ग्रुपवर दोन्ही मुलं असतात. तुम्ही संध्याकाळी जाऊन चहा घ्या आणि विचारा, "वर कोणी राहायला आलं तर?" एवढंच. मी असं विचारल्यावर एका घरी काकूंनी आतून सांगितलं होतं, काकाजी तोंड उघडायच्या आधीच.

आता माती. इथे मात्र थांबायचं, आणि कोणी कितीही घाई केली तरी.

"बाजूच्या घरी ५ फुटांवर मुरूम लागला" ही माहिती आहे, पण बाजूच्या प्लॉटची आहे. नागपूरच्या पश्चिमेला खाली काळा दगड, त्यावर मुरूम आणि वर काळी माती, पूर्वेकडे गेलं की दगडच बदलतो. आणि तेही सोडा, एका लेआउटमध्ये दोन प्लॉटांत फरक पडतो, कारण नवीन लेआउट पाडताना जुने नाले, खड्डे, विहिरी भरून सपाट करतात आणि वरून काही दिसत नाही. बेसा रोडच्या बाजूला मी असाच एक प्लॉट केला होता. पुढच्या कोपऱ्यात साडेपाच फुटांवर पिवळा मुरूम लागला, मागच्या कोपऱ्यात ९ फुटांपर्यंत काळीच माती, मध्ये विटांचे तुकडे आणि पोत्याचं प्लॅस्टिक निघालं. म्हणजे भराव. शेजाऱ्याच्या ५ फुटांवर विश्वास ठेवून सगळे फुटिंग साडेपाच फुटांवर बसवले असते तर पुढचं घर मुरुमावर आणि मागचं घर कचऱ्यावर बसलं असतं.

तुम्ही म्हणाल, मग मजल्यासारखीच इथेही सुरक्षित बाजू धरू, एसबीसी १० धरून मोठे फुटिंग देऊ. नाही जमत. काळ्या मातीचा त्रास फक्त ती कमी वजन पेलते एवढा नाही. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, मे महिन्यात मोकळ्या प्लॉटवर हात जाईल एवढ्या भेगा बघितल्याच असतील तुम्ही. अशा मातीत फुटिंग ठेवलं तर ते कितीही रुंद करा, दर वर्षी ते वर-खाली होणार, त्यात घर हलकं असेल तर फुगणारी माती ते उचलते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा, पावसाळ्यात मिटणाऱ्या आणि उन्हाळ्यात उघडणाऱ्या, दिसल्या की समजा खाली काळी आहे. म्हणून प्रश्न फुटिंग किती मोठं हा नाहीच, ते किती खोल जाऊन मुरुमात टेकतं हा आहे. आणि ती खोली फारच निघाली तर फुटिंगचा प्रकारच बदलतो, मग अंडर-रीम्ड पाइल घ्यावे लागतात. उत्तरानं आकडा बदलत असेल तर मोठा आकडा धरता येतो, इथे तर अख्खा कागदच बदलतो, तिथे काय धरणार?

पण यात चांगली गोष्ट अशी की या प्रश्नाचं उत्तर काकाजींकडे नाहीच. त्यांना परत विचारून ते चिडतील आणि परत तेच सांगतील, कारण त्यांना तेवढंच माहीत आहे. उत्तर जमिनीत आहे आणि ते तुम्ही स्वतः आणू शकता. ते सोमवारी खोदणारच आहेत ना? तर खोदाई थांबवू नका, खोदाईचा क्रम बदला. आधी दोनच खड्डे, प्लॉटच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत, पुढे एक आणि मागे एक, कॉलमच्या जागेवरच म्हणजे खोदलेलं वाया जात नाही. मुरूम लागेपर्यंत खाली, आणि लागल्यावर अजून एक फूट आत, कारण कधी कधी मुरुमाचा पातळ थर असतो आणि खाली परत मऊ. दोन्ही खड्ड्यांत फूटभराच्या वर फरक निघाला तर मध्ये तिसरा. नमुना लॅबला द्या, रिपोर्टमधली एसबीसी येईपर्यंत १५ चा आकडा पेन्सिलनंच राहू द्या.

खड्ड्यात उतरताना जपून, काळ्या मातीच्या भिंती कोरड्या असताना ताठ उभ्या राहतात आणि पाणी लागलं की न सांगता खाली येतात. पाच फुटांच्या खाली गेलात तर कडा उतरत्या कापायला सांगा.

ठेकेदार म्हणेल, साहेब सगळे बारा खड्डे एकदम काढतो, जेसीबी आलाय. त्यात तुमचं नुकसान काय ते सांगतो. मे संपत आलाय, जूनच्या मध्यापर्यंत आपल्याकडे पाऊस लागतो. बारा खड्डे उघडे पडले, फुटिंगची साइज नाही, खोली नाही, आणि एक वळवाचा पाऊस झाला की तळाचा मुरूम चिखल होतो, तो परत अर्धा फूट काढून टाकावा लागतो. म्हणजे मातीचं उत्तर अडलेलं असताना खोदाई पुढे गेली तर तिला प्रगती म्हणता येत नाही. दोन खड्डे दोन दिवसांत होतात. तेवढ्यात ठेकेदाराला काम हवं असेल तर भरपूर आहे: प्लॉट साफ करणे, तात्पुरतं मीटर, बोअर, पाण्याची सोय, आणि मंजूर नकाशावरून सेंटर लाइन टाकून घेणे. सेंटर लाइन तुमच्या नऊपैकी एकाही प्रश्नावर अवलंबून नाही, डक्टचं तेवढं आधी बघून घ्या. असं काही ना काही हातात दिलं की "इंजिनिअरनं काम अडवलं" असं कोणी म्हणत नाही.

ड्रॉइंग दोन टप्प्यांत द्या. पहिला कागद सोमवारच्या आत, फक्त सेंटर लाइन आणि दोन ट्रायल पिटची जागा, त्यावर ठळक लिहा, "फुटिंगसाठी नाही". दुसरा कागद खड्डे बघून आणि लॅबचा आकडा हातात आल्यावर, त्यावर गुड फॉर कन्स्ट्रक्शनचा शिक्का आणि कोपऱ्यात गृहीत धरलेल्या गोष्टी: पुढचा एक मजला धरलाय, अमुक तारखेला कळवलं, वीट फ्लायॲश, टाकी १००० लिटरची एकच, संप तुटक रेषेच्या बाहेर, फुटिंगचा तळ मुरुमात किमान एक फूट, ड्रॉइंगमधल्या खोलीपर्यंत खड्ड्यात मुरूम नाही दिसला तर पीसीसी टाकू नये, फोन करावा. ही शेवटची ओळ मिस्त्रीला वाचून दाखवा, तो ड्रॉइंगमधला मजकूर वाचत नाही, आकडेच वाचतो.

टाकीपुढे "एकच" का लिहायचं तर लोक १००० लिटर म्हणतात आणि नंतर तीन बसवतात, एक वरच्या भाडेकरूची, एक बोअरची. तीन टाक्यांनीही फुटिंगला काही होत नाही, पण स्लॅबच्या एकाच पॅनेलवर तिन्ही ठेवल्या तर तिथे बीम लागेल. त्या वेळी हा शब्द तुम्हाला प्रश्न परत उघडायला कामी येतो.

सोमवारी तुम्ही स्वतः जा, ठेकेदाराच्या फोटोवर भागवू नका. सब्बल मारून बघा, काळ्या मातीत ती आवाज न करता रुतते, मुरुमात खणकन वाजते आणि हाताला झटका बसतो. मातीचा एक ढेकूळ हातात घेऊन पाण्यात भिजवा, काळी लोण्यासारखी होते आणि बोटाला चिकटते, मुरूम खरबरीत सुटा होतो. दोन्ही खड्ड्यांचा फोटो टेप आत सोडून काढा, वरून खालपर्यंत टेपवरचे आकडे दिसले पाहिजेत, आणि काकाजींना तिथेच खड्ड्यापाशी उभं करून दाखवा. मागच्या खड्ड्यात काही वेगळं निघालं तर फुटिंगला हात लावायच्या आधी इथे फोटो टाका, मी बघतो.